विषय: क्वालिटी इन्चार्ज (हळद प्रक्रिया युनिट, कुपवाड एमआयडीसी), 1 जागा

दि. 4 नोव्हेंबर 2025

नमस्कार मॅडम,

काल फोनवर बोलणं झालं त्याप्रमाणे जागेचा तपशील पाठवतोय. थोडं लांबलंय, पण पूर्ण वाचूनच बायोडेटा काढायला घ्या. मागच्या वेळी दुसऱ्या एका एजन्सीला फक्त "क्वालिटीचा माणूस पाहिजे" एवढंच सांगितलं होतं. बावीस बायोडेटा आले, त्यातले निम्म्याहून जास्त फाउंड्री आणि मशीन शॉपमधले. चूक आमचीच होती. कुपवाडात "क्वालिटी" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे व्हर्नियर येणार.

आमचं काम थोडक्यात असं: मार्केट यार्डातल्या सौद्यातून हळकुंड येतं, ते साफ करून, पॉलिश करून, दळून पावडर होते. साधारण निम्मा माल मसाला कंपन्यांना जातो, उरलेला निर्यातीला. सध्याचे इन्चार्ज डिसेंबरअखेर निवृत्त होत आहेत, त्यांच्या जागी माणूस हवाय.

या माणसाच्या हाताखाली दोन लॅब केमिस्ट आणि तीन सॅम्पलिंगची पोरं असतील. आलेल्या प्रत्येक लॉटचा नमुना घेणं, ओलावा आणि करक्युमिन तपासणं, लेड क्रोमेटची चाचणी, बाहेरच्या एनएबीएल लॅबला नमुने पाठवून अफ्लाटॉक्सिनचे रिपोर्ट वेळेत मिळवणं, ऑडिटची कागदपत्रं, आणि ग्राहकाची तक्रार आली तर मूळ लॉटपर्यंत माग काढणं. खरेदी त्याच्याकडे नाही. पण खरेदीवाल्यांनी आणलेला माल नाकारायचा अधिकार त्याचाच. सीझनमध्ये गाडी दारात उभी असते, हमाल खोळंबलेले असतात, अडत्याचा फोन मालकांना जातो आणि मालक म्हणतात, "एवढी गाडी घ्या." त्या वेळी रिपोर्ट पुढे ठेवून "नाही" म्हणणारा माणूस आम्हाला पाहिजे. हे मालकांना दाखवूनच लिहितोय.

हे नसेल तर बायोडेटा पाठवूच नका: फूड टेक्नॉलॉजीची पदवी किंवा एम.एस्सी. केमिस्ट्री, मसाले किंवा अन्नप्रक्रियेत किमान 5 वर्षं, त्यातली 2 तरी लॅबमध्ये स्वतःच्या हाताने चाचण्या केलेली, स्पेक्ट्रोफोटोमीटर चालवता येणं, एफएसएसएआय आणि हॅसॅपची कागदपत्रं स्वतः सांभाळलेली असणं. पावडरीत ओलावा 10 टक्क्यांच्या आत का ठेवायचा, आणि युरोपला जाणाऱ्या हळदीत अफ्लाटॉक्सिन बी1 ची मर्यादा 5 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आहे, हे तुम्ही फोनवर विचारलंत तर अडखळू नये. ऑडिटरशी बोलण्यापुरतं इंग्रजी लागेल. मराठी मात्र चांगलीच हवी, कारण सॅम्पलिंगची पोरं आणि हमाल दोघांशी रोज काम आहे.

एचपीएलसी येत असेल तर उत्तम, नसेल तर आम्ही शिकवू. हळदीऐवजी मिरची किंवा बेदाण्यातला अनुभव असला तरी चालेल.

पगार महिना 42 ते 52 हजार ग्रॉस. बेसिक निम्मं, कंपनीचा पीएफचा वाटा वेगळा. म्हणजे सीटीसी साधारण 5.35 ते 6.60 लाख. उमेदवाराला ग्रॉसचाच आकडा सांगा, हातात किती पडेल तेही सांगा. ऑफर लेटर बघून चेहरा पडलेला आम्हाला दोनदा बघावा लागलाय. वरचा आकडा एचपीएलसी आणि निर्यातीचा अनुभव असणाऱ्यालाच.

वेळ सकाळी 9 ते 6, रविवारी सुट्टी. फेब्रुवारी ते मे मात्र उशीर होतो, हे लपवू नका. महिला उमेदवार जरूर पाठवा. उशीर झाला तर घरी सोडायला कंपनीची गाडी आहे. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इस्लामपूर, कराड या पट्ट्यातले, किंवा पुण्यात नोकरी करून गावाकडे परतायचं म्हणणारे आधी बघा. मुंबईचा माणूस चार महिन्यांत परत जातो, असा आमचा अनुभव आहे.

तारखा: 15 नोव्हेंबरपर्यंत जास्तीत जास्त सहा बायोडेटा. 22 तारखेला, शनिवारी, मुलाखती कारखान्यातच. त्यात तीन निनावी नमुने देऊन लॅबमध्ये दोन तास प्रत्यक्ष काम करून घेणार आहोत, उमेदवाराला आधी कल्पना द्या. 28 पर्यंत ऑफर. रुजू व्हायचं ते संक्रांतीच्या आत, कारण त्यानंतर नव्या हळदीची आवक सुरू होते आणि शिकवायला कुणालाच सवड नसते. त्यामुळे 30 दिवसांहून जास्त नोटीस पीरियड असलेले नकोत. नोटीसचे पैसे आम्ही भरणार नाही.

तुमची फी ठरल्याप्रमाणे वार्षिक सीटीसीच्या 8.33 टक्के, रुजू झाल्यावर 30 दिवसांनी. 90 दिवसांच्या आत सोडून गेला तर बदली उमेदवार विनाशुल्क. उमेदवाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. ही जागा आम्ही 15 तारखेपर्यंत दुसऱ्या कुणाला देत नाही.

शंका असेल तर दुपारी 3 नंतर फोन करा. सकाळी मी यार्डात असतो, तिथे सौद्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आपला,
व्यवस्थापक, मनुष्यबळ व प्रशासन