केस स्टडी: वस्ती भंगार तोडते, मग कंपनीची जबाबदारी काय?

केस थोडक्यात अशी आहे, एका वस्तीत जुने टीव्ही, कॉम्प्युटर, मोबाईल उघड्यावर तोडतात, वायरी जाळून तांबं काढतात, सर्किट बोर्ड ॲसिडात बुडवून सोनं काढतात आणि उरलेलं पाणी सरळ नाल्यात. मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालंय. ही उपकरणं बनवणारी कंपनी म्हणतेय, माल विकला, आमचा संबंध संपला.

आधी मालात असतं काय ते बघू. वजनाने बहुतेक लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, प्लास्टिक, काच, म्हणजे साधाच माल. सोनं, चांदी, पॅलेडियम चिमूटभर, पण एक टन मोबाईल बोर्डात खाणीतल्या एक टन दगडापेक्षा कितीतरी पट जास्त सोनं असतं, म्हणून तर हा धंदा चालतो. विषही वजनाने कमीच. पिक्चर ट्यूबच्या काचेत आणि जुन्या सोल्डरमधे शिसं, जुन्या एलसीडीच्या बॅकलाइटमधे पारा, निकेल-कॅडमियम बॅटरीत कॅडमियम, प्लास्टिकमधे ब्रोमीनवाली आग-रोधक रसायनं.

आता गंमत बघा, टीव्ही घरात चालू असतो तेव्हा हेच शिसं काचेत गप्प बसलेलं असतं, कोणाला काही होत नाही. धोका सुरू होतो तोडण्याच्या पद्धतीमुळे. वायरीचं पीव्हीसी जाळलं की डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार होतं आणि आतलं तांबं त्या रिॲक्शनला उलट मदतच करतं. सोल्डर तापवलं, काच फोडली की शिशाची धूळ जमिनीवर बसते, लहान मुलं तिथेच खेळतात, हात तोंडात घालतात, त्यात मोठ्यांपेक्षा त्यांचं शरीर शिसं जास्त शोषतं आणि फटका बसतो मेंदूच्या वाढीला. केसमधला रक्ताचा रिपोर्ट इथून आलाय.

मग कंपनीचं म्हणणं का टिकत नाही? कारण कुठलं सोल्डर, कुठलं प्लास्टिक, स्क्रू लावायचा की गोंद, हे तिने ठरवलं, तोडणाऱ्याने नाही. विस्तारित उत्पादक जबाबदारी ही कल्पना १९९० मधे स्वीडनमधे थॉमस लिंडक्विस्ट या संशोधकाने मांडली ती यासाठीच, वस्तू परत घेण्याचा खर्च उत्पादकावर पडला तर तो डिझाइन बदलेल. युरोपात २००६ पासून नव्या उपकरणांत शिशावर ०.१ टक्के आणि कॅडमियमवर ०.०१ टक्के मर्यादा आली, काही सवलती सोडून. तरी २०२२ मधे जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची.

माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. माल परत घेण्याच्या खर्चासाठी सगळ्या कंपन्यांनी वजनावर सारखीच फी भरली तर चांगलं डिझाइन करणाऱ्याला फायदा काय? म्हणून फी मालातल्या विषावर आणि तो उघडायला किती सोपा आहे त्यावर ठरवावी. आणि वस्ती नुसती बंद केली तर हेच काम चार किलोमीटर पुढे सुरू होईल. त्यापेक्षा गोळा करणं आणि हाताने सुटे करणं त्या लोकांकडेच ठेवायचं, हातमोजे-मास्कसकट आणि ठरलेल्या दराने, पण बोर्ड, बॅटऱ्या, ट्यूब आणि वायरी न जाळता अधिकृत प्लांटला जातील आणि ॲसिडमधून मिळायचे तेवढे पैसे कंपनी त्यांना बोर्डामागे देईल. या केसमधे नाल्याची आणि मातीची सफाई, मुलांची तपासणी हा खर्चही कंपन्यांच्या त्याच फीमधून.