विषय: कॅटलॉगच्या फोटोंची बॅकग्राउंड बदलणे – वाढीव दर, नवी मुदत आणि मूळ फाइल्स

नमस्कार मॅडम,

सगळ्या फोटोंची राखाडी बॅकग्राउंड काढून पांढरी करायची आणि त्यातले सहा फोटो बॅनरसाठी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवल्यासारखे दाखवायचे, ही तुमची मेल मिळाली. काम होण्यासारखं आहे. मात्र आपल्या ठरलेल्या एडिटिंगमध्ये रंग, उजेड आणि धुळीचे डाग साफ करणं एवढंच धरलं होतं. बॅकग्राउंड बदलणं हे वेगळं काम आहे. त्यामुळे खर्च आणि तारीख दोन्ही बदलतील. तुम्हाला आत मीटिंगमध्ये हे समजावून सांगावं लागेल, म्हणून कारणांसकट सविस्तर लिहितो.

नवी बॅकग्राउंड टाकायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो वस्तूची कड सोडवायला आणि नंतर ती वस्तू नव्या जागी खरोखर टेकलेली वाटावी म्हणून सावली बसवायला. म्हणून दर फोटोच्या संख्येवर नाही, वस्तूच्या कडेवर ठरतो. खाली मी 'एक दर' म्हणेन तेव्हा आपल्या करारातला एका फोटोच्या एडिटिंगचा दर असं समजावं. सगळे आकडे त्या दरावर वाढीव आहेत.

स्टीलच्या बाटल्या आणि सिरॅमिकचे कप मिळून 38 फोटो आहेत. यांच्या कडा स्वच्छ आणि टणक आहेत, पेन टूलने पाथ काढला की वस्तू मोकळी होते. प्रत्येकी अर्धा दर वाढेल आणि त्यात तळाची सावलीही आली. पांढऱ्या कपांना थोडं जपावं लागतं. पांढऱ्यावर पांढरा कप ठेवला की त्याची कडच नाहीशी होते, म्हणून कडेला हलकी राखाडी छटा मुद्दाम राखून ठेवतो. अंतिम फोटोत तशी छटा दिसली तर तो डाग राहून गेला असं कृपया समजू नका.

वेताच्या पाच टोपल्यांना प्रत्येकी एक दर वाढेल. विणीच्या प्रत्येक भोकातून मागची राखाडी दिसते आणि ती भोकाभोकातून काढावी लागते. टीमच्या आठ पोर्ट्रेटना प्रत्येकी पाऊण दर, आणि त्याचं कारण केस. केसाची कड पाथने कापली की डोक्याला कागदी कटआउटसारखा आकार येतो. म्हणून फोटोच्या कलर चॅनेलमधून मास्क तयार करून सुटे केस वाचवावे लागतात, आणि त्या केसांवर चढलेला जुन्या बॅकग्राउंडचा राखाडी रंगही उतरवावा लागतो. हे दुसरं काम राहिलं तर पांढऱ्यावर डोक्याभोवती मळकट रेघ दिसते.

आता काचेचे नऊ जग. इथे मी तुम्हाला वेगळाच सल्ला देणार आहे. काच पारदर्शक, त्यामुळे जगच्या आत आत्ता दिसणारा राखाडी रंग काचेचा नाही, मागच्या पडद्याचा आहे, आणि तोही काचेच्या जाडीतून वळून, वाकून आलेला. बाहेरची कड कापून भागत नाही. आतली राखाडी काढायची, काचेवरची चमक ठेवायची, हँडलच्या जाड भागातला गडदपणा ठेवायचा, हे सगळं वेगवेगळ्या लेअरवर करावं लागतं. प्रत्येकी दीड दर वाढेल, म्हणजे नऊ फोटोंचे साडेतेरा दर. एवढं करूनही जवळून पाहणाऱ्याला काच किंचित मेलेली वाटू शकते.

त्यापेक्षा नऊही जग परत स्टुडिओत पाठवा, मी ते पुन्हा शूट करतो. मागून पांढरा उजेड आणि दोन्ही बाजूंना काळे बोर्ड लावले की काचेच्या कडा आपोआप गडद उठून दिसतात आणि बॅकग्राउंड कॅमेऱ्यातच पांढरी मिळते. अर्ध्या दिवसाचं शूट पुरेल. आपल्या करारानुसार अर्ध्या दिवसाचे आठ दर होतात, म्हणजे साडेपाच दर वाचतात आणि काच खरी दिसते. निर्णय तुमचा आहे, पण माझं मत स्पष्टपणे पुन्हा शूट करण्याच्या बाजूने आहे.

बॅनरच्या सहा फोटोंना, वर सांगितलेल्या अर्ध्या दराशिवाय, प्रत्येकी आणखी एक दर लागेल. पांढऱ्या बॅकग्राउंडला दिशा नसते. ओट्याच्या फोटोला असते. तिथे खिडकी एका बाजूला असते, उजेड उबदार असतो, कॅमेरा ठराविक उंचीवर असतो. माझ्या शूटमध्ये मुख्य उजेड डावीकडून आहे आणि कॅमेरा बाटलीच्या मध्याच्या किंचित वर आहे. ओट्याचा फोटो वरून खाली पाहत काढलेला असेल तर बाटली त्यावर तरंगत राहील, सावली कितीही नीट काढली तरी. स्टीलची अडचण आणखी पुढची आहे. स्टील आरशासारखं असतं, त्यात आत्ता माझा स्टुडिओ दिसतोय. तळाशी ओट्याचा रंग आणि बाजूला खिडकीचा पट्टा उतरवल्याशिवाय डोळ्याला ते पटत नाही.

म्हणून ओट्याचा फोटो निवडताना तीन गोष्टी पाहा: उजेड डावीकडून हवा, कॅमेऱ्याची उंची साधारण तीच हवी, आणि रुंदी किमान 4000 पिक्सेल हवी. फोटो वापराचा परवाना असलेला घ्या. इंटरनेटवर शोधून सापडलेला फोटो मी जाहिरातीच्या बॅनरमध्ये वापरणार नाही, कारण उद्या मूळ मालकाने हरकत घेतली तर अडचण तुमच्या कंपनीवर येईल. तुम्हाला वाटलं तर मी चार-पाच परवानाधारक पर्याय पाठवतो. त्याचा खर्च जेवढा येईल तेवढाच बिलात लावीन.

एकूण हिशोब असा. सगळं कटआउटने केलं तर बाटल्या आणि कपांचे 19, टोपल्यांचे 5, पोर्ट्रेटचे 6, काचेचे साडेतेरा आणि बॅनरचे 6 असे साडेएकोणपन्नास दर वाढतील. जग पुन्हा शूट केले तर 44.

मुदतीबद्दल. आधी पाच कामाचे दिवस ठरले होते. आता पहिल्या दोन दिवसांत मी प्रत्येक प्रकारचा एक नमुना पाठवीन: एक बाटली, एक कप, एक टोपली, एक पोर्ट्रेट. सावली किती गडद, पांढरा किती पांढरा, वस्तूभोवती मोकळी जागा किती, हे त्या नमुन्यांवर पक्कं करू. तुमच्या होकारानंतर बाटल्या आणि कपांना चार दिवस, टोपल्या आणि पोर्ट्रेटना तीन, बॅनरना दोन. असे एकूण अकरा कामाचे दिवस होतात, तुमचा होकार यायला लागणारा वेळ सोडून. जगचं नवं शूट नमुन्यांवर तुम्ही विचार करत असतानाच उरकता येईल, म्हणजे त्यासाठी वेगळा दिवस लागणार नाही. जग कटआउटनेच करायचे ठरले तर आणखी तीन दिवस धरा.

घाई असेल तर बाटल्या आणि कप आधी देतो, वेबसाइटचं काम त्यावर सुरू होईल. सगळंच लवकर हवं असेल तर मला मदतनीस रिटचर घ्यावा लागेल. केस आणि काच मी दुसऱ्याच्या हाती देत नाही, त्यामुळे तिथे पैसे वाढवूनही फार दिवस वाचणार नाहीत.

नमुन्यांवर बदल सुचवायला संकोच करू नका, ते दरात धरलेले आहेत. होकारानंतर पांढऱ्याऐवजी फिकट क्रीम हवं असं ठरलं तरी काळजी नाही, मास्क तयार असतो, रंग पटकन बदलतो. मात्र होकारानंतर ओट्याचा फोटोच बदलला तर सावली आणि प्रतिबिंब पहिल्यापासून करावं लागतं आणि त्या फोटोचा एक दर पुन्हा लागेल.

आता मूळ फाइल्स. मी काढलेल्या 60 फोटोंच्या RAW फाइल्स माझ्याकडे आहेत, त्यासाठी तुम्हाला काही पाठवायचं नाही. प्रश्न आहे तो तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या सात जुन्या फोटोंचा. ते वरच्या हिशोबात नाहीत. ते माझ्यापर्यंत लांब बाजूला 1600 पिक्सेल होऊन पोचले आहेत. 300 पीपीआयने छापले तर जेमतेम सव्वापाच इंच भरतील.

आकारापेक्षाही मोठं नुकसान कडांचं झालं आहे. जेपेग फाइल लहान करताना रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, आणि फोटोचे 8×8 पिक्सेलचे चौकोन करून दाबले जातात. जोरात दाबलं की गडद-फिकट मिळतात तिथे, म्हणजे नेमक्या कडेवर, कण आणि पुसट पट्टे उठतात. मास्क त्या कडेवरूनच काढायचा असतो. शिवाय जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात, 14 बिटच्या RAW मध्ये 16,384. नव्या बॅकग्राउंडला जुळवायला उजेड आणि रंग ओढावे लागतात, तेव्हा या पायऱ्या कामी येतात.

त्या सातपैकी पाच फोटो बाटल्यांचे आहेत, त्यामुळे आधीच्या फोटोग्राफरकडून त्यांच्या RAW फाइल्स मागवा. नावाच्या शेवटी .CR3, .NEF, .ARW किंवा .DNG असेल. RAW मिळत नसतील तर 16 बिटची TIFF, तीही नसेल तर कॅमेऱ्यातून निघालेली पूर्ण आकाराची JPG. स्क्रीनशॉट किंवा वेबसाइटवरून उतरवलेली प्रत नको. फाइल उघडून पुन्हा सेव्हही करू नका. ड्राइव्हची लिंक पाठवा, किंवा व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

उरलेले दोन फोटो संचालकांचे, फोनवर पोर्ट्रेट मोडमध्ये काढलेले आहेत. फोनने मागचं धूसर करताना कान आणि केसांच्या कडाही धूसर केल्या आहेत. बऱ्याच फोनमध्ये गॅलरीतून तो धूसरपणा काढता येतो. ज्या फोनने फोटो काढला त्याच फोनवर तसं करून मूळ फाइल पाठवायला सांगा. ते जमलं नाही तर दोघांनी जगसोबत स्टुडिओत यावं, शूटच्या दिवशीच त्यांचे फोटो काढू, बाकी टीमशी उजेडही जुळेल. बाटल्यांच्या मूळ फाइल्स मिळाल्या तर दर वरचाच, अर्धा. नाही मिळाल्या तर ते पाच फोटो मी वेबसाइटवरच्या लहान चौकटीपुरतेच करून देईन. बॅनर किंवा छपाईसाठी देणार नाही.

काम झाल्यावर पांढऱ्या बॅकग्राउंडचे JPG आणि पारदर्शक बॅकग्राउंडचे PNG, दोन्ही sRGB मध्ये, आणि बॅनरच्या सहा फोटोंच्या लेअरसकट PSD फाइल्स मिळतील. JPG मध्ये पारदर्शकता राहत नाही, म्हणून डिझायनरला PNG द्या. कॅटलॉग छापायचा असेल तर छापखान्याकडून CMYK प्रोफाइल मागून मला कळवा.

मला तुमच्याकडून तीन उत्तरं हवी आहेत: जग पुन्हा शूट करायचे की कटआउट, ओट्याचा फोटो तुम्ही देणार की मी पर्याय पाठवू, आणि जुन्या बाटल्यांच्या मूळ फाइल्स मिळतील का. पहिली दोन आली की नमुन्यांचं काम सुरू करतो, तिसऱ्यासाठी थांबत नाही. मीटिंगमध्ये काही अडलं तर तेव्हाच फोन करा, मी संध्याकाळपर्यंत स्टुडिओतच आहे.

कळावे,
तुमचा फोटोग्राफर