पूर्ण व अंतिम हिशेब
दिनांक: 5 मार्च 2025

कर्मचारी क्र. 0417, वरिष्ठ स्टोअरकीपर, पुणे
रुजू: 3 जून 2016. राजीनामा: 30 जानेवारी 2025. शेवटचा दिवस: 20 फेब्रुवारी 2025
मूळ वेतन व महागाई भत्ता: ₹31,200. एकूण वेतन: ₹46,200

देय
फेब्रुवारीचे 20 दिवसांचे वेतन: ₹33,000
शिल्लक 14 अर्जित रजांचे रोखीकरण: ₹16,800
प्रवासखर्चाचे थकीत बिल: ₹2,340
ग्रॅच्युइटी: ₹1,62,000
(31,200 × 15 ÷ 26 × 9. सेवा 8 वर्षे 8 महिने 18 दिवस. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला आहे.)
एकूण देय: ₹2,14,140

वसुली
नोटीस 30 पैकी 22 दिवस भरली. कमी 8 दिवस: ₹9,600
सणासुदीच्या उचलीची बाकी: ₹6,000
भविष्य निर्वाह निधी: ₹2,674
व्यवसाय कर (फेब्रुवारीचा दर): ₹300
लॅपटॉप चार्जर जमा नाही: ₹1,450
एकूण वसुली: ₹20,024

निव्वळ देय: ₹1,94,116 (अक्षरी रुपये एक लाख चौऱ्याण्णव हजार एकशे सोळा फक्त)

रक्कम 7 मार्चला पगाराच्या खात्यात एनईएफटीने जमा होईल. चार्जर त्याआधी आणून दिल्यास ₹1,450 वाढवून देऊ. पीएफची जमा रक्कम या हिशेबात नाही. ती यूएएनवरून काढावी किंवा नव्या ठिकाणी वळवावी.

व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग

स्वीकृती
वरील हिशेब मी तपासला असून तो मला मान्य आहे. ही रक्कम खात्यात जमा झाल्यावर वेतन, रजा व ग्रॅच्युइटीपोटी माझे कोणतेही येणे राहणार नाही. पीएफवरील माझा हक्क अबाधित आहे.

कर्मचाऱ्याची सही व दिनांक: ____________________