दोन पेपरांची तारीख पुढे मिळण्यासाठी अर्ज

केरी, सत्तरी
दि. 7 नोव्हेंबर 2025

प्रति,
परीक्षा विभाग प्रमुख,
शासकीय महाविद्यालय, साखळी
(मा. प्राचार्यांमार्फत)

विषय : वडिलांच्या हृदयशस्त्रक्रियेमुळे 12 व 14 नोव्हेंबरचे पेपर नंतरच्या तारखेला देण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी द्वितीय वर्ष कला शाखेच्या तिसऱ्या सत्राची विद्यार्थिनी, आसन क्रमांक 217. माझे वडील 3 नोव्हेंबरपासून बांबोळीला गोमेकॉत दाखल आहेत. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे सापडले असून बुधवार, दि. 12 रोजी सकाळी बायपास शस्त्रक्रिया ठरली आहे.

त्याच दिवशी दुपारी 2.30 ला माझा इतिहासाचा पेपर आहे आणि शुक्रवारी, दि. 14 रोजी मराठीचा. वडील तेव्हा अतिदक्षता विभागात असतील. संमतीपत्रावर सही, रक्तपेढीतून रक्त आणणे, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाचे कागद पुरे करणे, डॉक्टर बोलावतील तेव्हा हजर राहणे, यासाठी घरचे सज्ञान माणूस लागते. भाऊ नववीत आहे. आई अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी असते. तिला एक रात्रही एकटे ठेवता येत नाही. राहिले मीच. बांबोळीहून साखळीला यायचे तर पणजीत बस बदलावी लागते. पेपर धरून अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ वडिलांपाशी कोणीच नसेल.

सगळी परीक्षा पुढे ढकलावी असे माझे म्हणणे नाही. सोमवार, दि. 10 चा आणि 17 व 19 तारखेचे पेपर मी वेळापत्रकाप्रमाणे देईन. त्या दिवसांसाठी मामा डिचोलीहून येणार आहेत. 12 आणि 14 ला त्यांना कामावरून रजा नाही. राहिलेले दोन पेपर 24 नोव्हेंबरनंतर कधीही घ्यावेत. एकाच दिवशी सकाळ-दुपार घेतले तरी चालतील. प्रश्नपत्रिका वेगळी असेल हे मी गृहीत धरते. मात्र या दोन विषयांत माझी नोंद 'गैरहजर' अशी होऊ नये, ही कळकळीची विनंती, कारण तसे झाल्यास ते विषय मागे राहतील आणि पुढच्या सत्रावर त्यांचा भार पडेल.

शस्त्रक्रियेची तारीख रुग्णालयाने बदलली तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकांमार्फत कळवीन. ती 14 नंतर गेल्यास हे दोन्ही पेपर ठरल्या वेळी देईन.

आपला निर्णय मंगळवार, दि. 11 पर्यंत लेखी मिळावा. अतिदक्षता विभागाजवळ फोन बंद ठेवावा लागतो, म्हणून उत्तर वर्गशिक्षिकांकडे द्यावे.

सोबत : दाखल केल्याचा कागद, शस्त्रक्रियेच्या तारखेचे डॉक्टरांचे पत्र, रेशनकार्डाची प्रत (घरातील माणसे व नाते दाखवण्यासाठी) आणि प्रवेशपत्राची प्रत. मूळ कागद रुग्णालयात लागतात. तपासायचे असल्यास सोमवारी पेपरनंतर घेऊन येईन.

आपली विश्वासू,
मानसी गावस