पेरणीआधी मोबाईल बघा, पण मातीही बघा

मंडळी, राम राम. रोहिणीच्या सरी पडल्या की कुरी बाहेर काढायची घाई होते, हे मला माहीत आहे. माझे वडीलही तेच करायचे. पण सोयाबीनला एका वळवाची ओल पुरत नाही. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ दे, वीतभर ओल जाऊ दे, मगच पेरा.

हवामानाचा अंदाज आणि शेतीसल्ला देणाऱ्या ‘मेघदूत’ ॲपमध्ये आपला जिल्हा बेळगाव निवडा. सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, पुढच्या पाच दिवसांचा.

आता ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे काय? जिल्ह्यातल्या चार ठिकाणांपैकी फार तर एका ठिकाणी. तो तुमच्याच शिवारात पडेल असं नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात धो धो कोसळतो तेव्हा अथणीत धूळ उडत असते, आणि जिल्हा एकच! म्हणून आकड्यासोबत स्वतःची माती उकरून बघाच.

फवारणीचं म्हणाल तर दोन गोष्टी: वारा आणि पाऊस. वारा ताशी 15 किलोमीटरवर असेल तर पंप पाठीवर घेऊ नका, औषध शेजारच्या बांधावर जातं आणि तुमच्या नाकात. फवारल्यावर चार-सहा तास तरी उघडीप हवी, नाहीतर पैसे ओढ्याला. सकाळचा शांत वेळ उत्तम.

विजेसाठी ‘दामिनी’ ॲप ठेवा. इशारा आला की झाडाखाली थांबू नका, लगेच घर गाठा.

आता मोबाईल काढा, एकेकाचा बघूया.