पाठ ७ : सूचना, वीजबिल आणि औषधाची पट्टी

वर्ग : जनता वसाहत, पर्वती पायथा. घरकाम, झाडलोट आणि भाजीविक्री करणाऱ्या १२ जणी, वय साधारण २५ ते ५८.
वेळ : मंगळवार, दुपारी २.१५ ते ३.४५. सकाळची कामं आटोपलेली असतात आणि संध्याकाळची ४ नंतर सुरू होतात. ३.४५ ला वर्ग सुटलाच पाहिजे. पाच मिनिटं जास्त घेतली तर पुढच्या वेळी तिघी कमी येतात.
याआधी झालेलं : स्वतःचं नाव, प ण न ब द र ग व क स ही अक्षरं, काना, वेलांटी, उकार.

पाठाचा हेतू एवढाच : कागद हातात आला की पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची नाही. आधी कधी, किती आणि मी काय करायचं, या तिन्हींची उत्तरं शोधायची. बाकीचा मजकूर नंतर.

साहित्य
सूचनेचा एक मोठा कागद (ए३, फळ्यावर चिकटवायला) आणि प्रत्येकीला एक प्रत, अक्षर नेहमीच्या छपाईच्या दुप्पट. वीजबिलाच्या नमुन्याच्या १२ प्रती. बिल खरंच असावं, पण जुनं, आणि नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक झाकून झेरॉक्स काढलेलं. बायकांना स्वतःचं बिल आणायला सांगू नये. थकबाकी असते, बिल घरमालकाच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतं, आणि वस्तीत गोष्ट लपत नाही. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या ६. जाड शिसपेन्सिली, २बी. दिवसभर भांडी घासलेल्या हाताला बारीक बॉलपेन धरवत नाही.

सुरुवात (१० मिनिटं)
सूचना वाटा आणि फक्त बघत राहा. जी कागद हात लांब करून धरते, तिला अक्षर येत नसेलच असं नाही; चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. तिचं नाव वहीत लिहा आणि वर्गानंतर एकटीला गाठून डोळे तपासून घ्यायला सांगा. चारचौघींत नको.

सूचना (३० मिनिटं)
फळ्यावरचा मजकूर :

«जाहीर सूचना. पर्वती जलकेंद्र येथे तातडीचे दुरुस्तीचे काम असल्याने गुरुवार दि. १८ रोजी पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवार दि. १९ रोजी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. नागरिकांनी सहकार्य करावे.»

पुण्यात राहणाऱ्या बाईला यातली भाषा कानाने पाठ असते, आणि इथेच फसगत होते. «पाणी» आणि «बंद» दिसलं की ती उरलेलं अंदाजाने धडाधडा म्हणते. म्हणून आधी वाचायला लावू नका, शोधायला लावा.

ताई : «मावशी, बंद कुठं लिहिलंय? बोट ठेवा. आता कुठला वार, तो शोधा.»

गुरुवार आणि शुक्रवार दोन्ही शेवटी सारखे दिसतात. शेवटचं «वार» हाताने झाकून पहिलं अक्षर बघायला सांगा : गु की शु? श अजून शिकवलेला नाही, तरी हरकत नाही. गु ओळखता आला की दुसरा आपोआप वेगळा पडतो. मग विचारा : भांडी कधी भरून ठेवायची? उत्तर «बुधवारी रात्री» असं आलं तर वाचन झालं. हा शब्द कागदावर कुठेच नाही, म्हणून तो पाठांतरातून येऊ शकत नाही.

दोन ठिकाणी हमखास अडतं. «रोजी» म्हणजे «दररोज» असं वाटतं, किंवा «रोजीरोटी» मधली रोजी. सरळ सांगा : तारखेनंतर रोजी आलं की «त्या दिवशी». दुसरं «दि.», ते म्हणजे दिनांक, तारीख. «करावे» असं कुणी बोलत नाही. सूचनेची बोली वेगळी असते, हे मोकळेपणाने मान्य करावं. नाहीतर आपलीच भाषा चुकीची, असं बाई समजते.

आता शब्द फोडा : पा-णी, बं-द. यातून पान, नाणी, बाण, दादा. प्रत्येकीने दोन शब्द लिहायचे. ऱ्हस्व-दीर्घ आज सुधारायचं नाही. «दुरुस्ती» मधला स्त फक्त ओळखायचा, लिहायचा नाही.

आकडे, आणि वीजबिल (३० मिनिटं)
मोबाइल वापरल्यामुळे 0 ते 9 बहुतेकींना येतात. अडतात ते मराठी आकडे. १ हा 9 सारखा दिसतो, ४ हा 8 सारखा, म्हणून «दि. १४» हे 98 वाचलं जातं. फळ्यावर जोड्या लिहा : १ आणि 1, ४ आणि 4, ५ आणि 5, ९ आणि 9. पाच मिनिटं पुरे.

नमुना बिलातले आकडे : मागील रीडिंग 4317, चालू रीडिंग 4402, वापर 85 युनिट. तोंडी «पंच्याऐंशी» म्हणताना पाच आधी येतो, म्हणून निम्म्या जणी 58 लिहितात. (२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात «वीस एक» पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अडचण मात्र खरीच आहे.) «आठ दहाच्या नोटा, पाच सुट्टे» असं सांगितलं की चूक थांबते.

वजाबाकी कागदावर करायला लावू नका. 4317 पासून 4400 पर्यंत 83, पुढे 2, असं बोटांवर मोजतात ते बरोबरच येतं. सबमीटरवर घरमालकाला पैसे देणाऱ्या बायकांना हाच भाग सगळ्यात कामाचा.

मग तारखा. बिलावर «देयक दिनांक» आणि «देय दिनांक» दोन्ही असतात, फरक एका क चा. देयक म्हणजे बिल, त्यामुळे पहिली बिल काढल्याची तारीख आणि दुसरी पैसे भरायची शेवटची. पहिलीच वाचून «तारीख उलटली» म्हणून घाबरणाऱ्या बायका प्रत्येक वर्गात निघतात. देय दिनांकाला लाल गोल करायला सांगा आणि त्याखालची रक्कम मोठ्याने वाचून घ्या.

औषधाची पट्टी (१२ मिनिटं)
पट्टीवर मराठी क्वचितच असतं. EXP ही तीन अक्षरं चित्रासारखी ओळखायची. EXP 03/2027 म्हणजे मार्च २०२७ संपेपर्यंत गोळी चालते. MFG ही बनवल्याची तारीख. दोन्ही जवळजवळ छापलेल्या असतात, म्हणून बोट EXP वरच ठेवून वाचायचं. चार गोळ्या सुट्या घेतल्या तर दुकानदार कातरताना तारखेचा कोपरा त्याच्याकडेच राहतो. «तारखेचा भाग दाखवा» हे वाक्य प्रत्येकीने एकदा मोठ्याने म्हणायचं. डोस कसा घ्यायचा हे आपण सांगायचं नाही.

तपासणी (८ मिनिटं)
नवी सूचना द्या, तारखा बदललेली : बुधवार दि. २४, «सायंकाळी ५ नंतर», «कमी दाबाने». एकेकीला एकच प्रश्न, जवळ जाऊन, हळू आवाजात. बरोबर बोट पडलं तर वहीत खूण. «हे तर सोपं आहे» कधीही म्हणू नका. जिला येत नाही तिला ते लागतं. १२ पैकी ८ जणींचं बोट वारावर आणि तारखेवर नीट पडलं तर पुढच्या मंगळवारी पगाराची नोंदवही. कमी पडलं तर हीच सूचना, दुसऱ्या वाराची.

घरी : कामाला जाता-येता दिसलेल्या पाटीवरचा एक शब्द उतरवून आणायचा. न आणणारीला विचारायचं नाही, आणणारीचा शब्द फळ्यावर लिहायचा.