पेजचा चार्ज

मुख्याध्यापिका : या सर, बसा. शनिवारी तुम्हाला कार्यमुक्त करायचंय. चार्ज यादी झाली?

शिक्षक : झाली मॅडम. प्रयोगशाळेचं डेडस्टॉक जुळलं, कपाटाच्या किल्ल्या ऑफिसात दिल्या. शाळेचं फेसबुक पेज तेवढं राहिलंय.

मुख्याध्यापिका : त्याचा पासवर्ड कागदावर लिहा आणि पाकीट बंद करून माझ्याकडे द्या.

शिक्षक : पेजला वेगळा पासवर्ड नसतो, मॅडम. मी माझ्या स्वतःच्या खात्यातून ते चालवतो. तो पासवर्ड दिला तर माझे घरचे फोटो, खासगी मेसेज सगळंच त्याच्याबरोबर जाईल.

मुख्याध्यापिका : म्हणजे आजही पेज तुमच्या एकट्याच्या हातात आहे?

शिक्षक : हो, २०१६ पासून. ही माझी चूक आहे. तेव्हाच आणखी कुणाला तरी जोडायला हवं होतं. माझं खातं हॅक झालं असतं किंवा बंद पडलं असतं, तर इतक्या वर्षांच्या पेजवर शाळेला साधी सूचनाही टाकता आली नसती.

मुख्याध्यापिका : मी फेसबुकवर नाही. शाळेच्या नावाने एक खातं उघडू का? म्हणजे कुणाचीही बदली झाली तरी अडणार नाही.

शिक्षक : तसं नको. वैयक्तिक खातं खऱ्या माणसाच्या नावाचंच लागतं. संस्थेच्या नावाने उघडलेलं खातं फेसबुक बंद करू शकतं, आणि पेज पुन्हा अडकेल. तुमच्या नावाने उघडू या. त्यावर स्वतःचं काही टाकायची गरज नाही.

मुख्याध्यापिका : बरं. पुढे?

शिक्षक : पेजच्या सेटिंग्जमध्ये Page access म्हणून जागा आहे. तिथून मी तुम्हाला आणि संगणकाच्या बाईंना पूर्ण ताबा देतो. तुमच्याकडे निमंत्रण येईल, ते स्वीकारल्याशिवाय काहीच होत नाही. म्हणून ते आत्ता, माझ्यासमोरच स्वीकारा.

मुख्याध्यापिका : सांस्कृतिक विभागाच्या दोघांनाही द्यायचा का? फोटो तेच काढतात.

शिक्षक : पूर्ण ताबा नको. तो असलेला माणूस तुम्हालाही काढून टाकू शकतो, अख्खं पेज हटवू शकतो. त्यांना पोस्ट टाकण्यापुरतीच परवानगी देऊ. आणि तुम्ही दोघींनी दुहेरी पडताळणी सुरू करा. नुसता पासवर्ड कुणाला कळला तरी आत शिरता येऊ नये.

मुख्याध्यापिका : माझीही बदली कधीतरी होणारच.

शिक्षक : तेव्हा आधी नव्या माणसाला जोडा, त्याने स्वीकारलं याची खात्री करा आणि मगच स्वतः बाहेर पडा. मीही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत राहतो. तोवर तुम्ही माझ्याशिवाय एक पोस्ट टाकून बघा.

मुख्याध्यापिका : पेजवर नंबर तुमचाच आहे ना?

शिक्षक : हो, तो आजच बदलून ऑफिसचा टाकू. प्रवेशाच्या दिवसांत पालक रात्रीसुद्धा विचारतात. पेजवर येणारे मेसेज रोज कुणीतरी उघडायलाच हवेत. मूळ फोटो या पेनड्राइव्हमध्ये वर्षवार लावलेत. आणि मॅडम, ही वही.

मुख्याध्यापिका : ही कसली?

शिक्षक : ज्या मुलांचे फोटो पेजवर टाकायचे नाहीत त्यांची. एका विद्यार्थिनीची आई मला भेटायला आली होती. घर सोडून मुलीला घेऊन ती दुसरीकडे राहत होती. मुलगी कुठल्या शाळेत आहे हे वडिलांना कळू द्यायचं नव्हतं. आणि आम्ही स्पर्धेचा फोटो टाकला होता, नावासकट. मी तिच्यासमोरच तो काढला, पण तोवर तो दोन दिवस पेजवर होता.

मुख्याध्यापिका : हे मला तेव्हा सांगितलं नाहीत.

शिक्षक : कुणाला सांगू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून वहीतही कारण लिहिलेलं नाही, फक्त इयत्ता आणि नाव. तेव्हापासून प्रत्येक फोटो या वहीशी ताडूनच टाकतो. मुलांची पूर्ण नावंही लिहीत नाही. मॅडम, पेज महिनाभर बंद राहिलं तरी चालेल, पण ही वही न बघता एकही फोटो जाऊ देऊ नका.

मुख्याध्यापिका : नाही जाऊ देणार. पण वही ऑफिसच्या कपाटात नको, तिथे कुणीही उघडेल. माझ्या खणात राहू दे, मी आणि संगणकाच्या बाई बघू. दर जूनमध्ये वर्गशिक्षकांमार्फत पालकांना पुन्हा विचारून घेते.

शिक्षक : नववीतल्या दोन नावांवर खूण केलीय, ती या वर्षी नव्याने आलीत.

मुख्याध्यापिका : बघितली. यादीत लिहा आता : पेज, पेनड्राइव्ह, वही. मी सही करते. आणि माझं खातं कसं उघडायचं ते दाखवा, फोन हा घ्या.